मांजराचा खोकला की केसांचा गोळा: दमा ओळखावा कसा

मांजर चालता चालता थांबते, जमिनीलगत दबून बसते, मान पुढे लांब ताणते आणि घशातून खरखरीत, कोरडा आवाज काढू लागते. हा आवाज आठ-दहा वेळा लागोपाठ येतो, मग मांजर एकदा गिळते, ओठ चाटते आणि उठून आपल्या वाटेने निघून जाते. घरातली माणसे तोवर कागद घेऊन धावलेली असतात; काहीच बाहेर पडले नाही हे पाहून ती म्हणतात की केसांचा गोळा अडकला होता, पुढच्या वेळी निघेल. ही समजूत इतकी रुळलेली आहे की दम्याची कितीतरी मांजरे याच निदानावर महिनोन्महिने, कधी कधी वर्षभरही काढतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की वारंवार ‘अडकणारा’ आणि कधीच बाहेर न येणारा गोळा हा बहुतेक वेळा गोळा नसतोच. तो खोकला असतो, आणि मांजराचा जुनाट खोकला म्हटला की सर्वांत आधी दम्याचा आणि श्वासनलिकेच्या जुनाट दाहाचा विचार करावा लागतो.

खोकला आणि ओकारी यांत शरीर काय वेगळे करते

केसांचा गोळा पोटात तयार होतो. मांजराच्या जिभेवर मागच्या दिशेने वळलेले कडक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यांत अडकतात आणि ते थुंकून टाकता येत नसल्यामुळे गिळले जातात. त्यांतले बहुतेक विष्ठेवाटे निघून जातात आणि जे जठरात साचून राहतात ते उलटीच्या वाटेने बाहेर येतात. म्हणजे केसांचा गोळा काढणे ही उलटीच असते, आणि उलटीला पूर्वतयारी लागते. मांजर आधी अस्वस्थ होते, ओठ चाटते, तोंडाला पाणी सुटल्यामुळे पुन्हा पुन्हा गिळते. काही मांजरे या वेळी एका विचित्र, खोल सुरात ओरडतात. त्यानंतर पोटाचे स्नायू ठराविक लयीत आवळू लागतात. बाजूने पाहिले तर बरगड्यांच्या मागचा भाग आत ओढला जाऊन सुटताना स्पष्ट दिसतो, सगळे धड पुढे-मागे हलते, आणि बरीच मांजरे हे करता करता मागे सरकत जातात. शेवटी तोंड मोठे उघडते आणि काहीतरी पडते: अन्ननलिकेतून दाबून आल्यामुळे लांबट झालेला केसांचा ओला लोळा, किंवा नुसते अन्न आणि पिवळसर पाणी.

खोकल्याला अशी तयारी नसते. मांजर झोपेतून उठते, किंवा नुकतेच धावून थांबलेले असते, आणि खोकला एकदम सुरू होतो. ते मागे सरकत नाही. जिथे असेल तिथेच बसते, पुढच्या पायांची कोपरे अंगापासून बाहेर काढते, आणि डोके खाली नेऊन मान जवळजवळ जमिनीला समांतर करते. ही बैठक आपोआप घेतली जाते, कारण मान सरळ झाली की घशापासून छातीपर्यंतची हवेची वाट सरळ होते. तोंड मिटलेले किंवा किंचित उघडलेले असते, क्वचित जिभेचे टोक बाहेर दिसते. प्रत्येक आवाजाबरोबर छाती आणि पोट यांना एक छोटा, झटपट हिसका बसतो. ओकारीतली खोल, संथ लाट मात्र दिसत नाही. शेवटी मांजर गिळते, आणि हे गिळणे नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण खोकल्याने वर आलेला कफ मांजर बाहेर टाकत नाही, ते तो पोटात ढकलते. त्यामुळे खोकल्यानंतर जमिनीवर काही सापडत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे ‘गोळा अडकला’ हा समज पक्का होतो.

दोन्ही क्रियांचे आवाज वेगळे का असतात, हेही यातून समजते. खोकताना आधी हवा आत घेतली जाते, कंठाची झडप मिटते, छातीत दाब वाढतो आणि झडप उघडताच हवा जोरात बाहेर फुटते; म्हणून प्रत्येक आवाज हा बाहेर पडणाऱ्या हवेचा, कोरडा आणि तुटक असतो. ओकारीत श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात, पण कंठाची झडप बंदच राहते आणि हवेची ये-जा जवळजवळ थांबते. म्हणून तो आवाज खोल, ओला आणि घोट गिळल्यासारखा येतो. दोन-तीन वेळा लक्ष देऊन ऐकले की हा फरक डोळे मिटूनही कळतो.

तरीही एका ठिकाणी जाणती माणसेही फसतात. जोरदार खोकल्याच्या अखेरीस घशाचा मागचा भाग चेतवला जातो आणि मांजराला खरोखरच एक-दोन ओकाऱ्या येतात. कधी पांढरा फेस पडतो, कधी चमचाभर चिकट पाणी. धावत आलेल्या माणसाला नेमका हाच शेवट दिसतो आणि तो उलटी समजून बसतो. म्हणून निर्णय प्रसंगाच्या शेवटावरून न करता पहिल्या दहा सेकंदांवरून करावा: आधी लाळ, अस्वस्थता आणि पोटाची लाट होती, की थेट ताणलेली मान आणि कोरडे आवाज होते? फेसात दोन-चार केस दिसले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण दिवसभर अंग चाटणाऱ्या मांजराच्या तोंडात आणि घशात केस असतातच.

आणखी एक गोष्ट दिशाभूल करते. दम्याचा त्रास मुळातच कमी-जास्त होत राहतो. दोन आठवडे खोकला येतो आणि मग तीन आठवडे काहीच होत नाही. खोकला वाढलेला असताना कोणी केसांच्या गोळ्यावरचे पेस्ट सुरू करते, त्रास आपल्या क्रमाने ओसरतो, आणि श्रेय पेस्टला मिळते. मांजर स्वतःहून चाटत असेल तर अशा पेस्टने बहुधा अपाय होत नाही, मात्र निदान लांबते. खरा धोका आहे तो खोकणाऱ्या मांजराच्या तोंडात तेल किंवा पातळ पॅराफिन बळेच ओतण्यात. असे गुळगुळीत द्रव घशात खोकल्याची जाणीव न होऊ देता श्वासनलिकेत उतरू शकतात आणि फुप्फुसात साचून वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया घडवतात. माणसांचे खोकल्याचे औषध तर मांजराला कधीही देऊ नये, कारण त्यांतल्या अनेकांत पॅरासिटामॉल असते आणि ते मांजराला अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरू शकते.

खरोखरच केसांचे गोळे वारंवार बाहेर पडत असतील, तर तो वेगळा विषय आहे; त्वचेच्या खाजेमुळे होणारे अति चाटणे किंवा आतड्याचा आजार यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते आणि त्याची तपासणी त्या अंगाने करावी.

छातीतली शीळ कशी ओळखावी

खोकला हे दम्याचे एक लक्षण झाले. दुसरे म्हणजे श्वासाबरोबर येणारी बारीक शीळ. दम्यात श्वासनलिकेच्या फांद्यांचे अस्तर सुजते, त्यात घट्ट कफ साचतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे नळीचे तोंड अरुंद होते. अरुंद नळीचे गणित फार कठोर असते. संथ वाहणाऱ्या हवेच्या बाबतीत नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो १६ पट होतो. मांजराच्या लहान नळ्यांमध्ये थोडी सूज आणि थोडा कफ एवढ्यावरच श्वास का अडतो, याचे उत्तर इथे आहे.

हा अडथळा आत येणाऱ्या श्वासापेक्षा बाहेर जाणाऱ्या श्वासाला जास्त होतो. श्वास घेताना छाती फुगते आणि तिच्यातल्या नळ्याही थोड्या ताणून उघडतात. श्वास सोडताना छातीतला दाब वाढून त्याच नळ्या आणखी दबतात आणि त्यांच्या कडा थरथरून शिळेसारखा, उंच पट्टीतला आवाज होतो. म्हणून दम्याचा आवाज शोधताना कान उच्छ्वासाकडे द्यावेत. मांजर शांत बसलेले असताना कान त्याच्या बरगड्यांच्या बाजूला नेऊन ऐकावे, आणि डोळ्यांनी पोट पाहावे: निरोगी मांजराचा श्वास सहज सुटतो, दम्याच्या मांजराला मात्र श्वास सोडताना पोट आवळून जोर लावावा लागतो आणि उच्छ्वास नेहमीपेक्षा लांबतो. काही मांजरांत ही शीळ केवळ स्टेथोस्कोपने ऐकू येते, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात तर स्टेथोस्कोपनेही छाती अगदी साफ वाटू शकते. त्यामुळे आवाज ऐकू आला नाही म्हणून दमा नाही, असे म्हणता येत नाही. उलट नळ्या फारच आवळल्या की हवा इतकी कमी वाहते की शीळ वाजायलाही ती पुरत नाही. धापा टाकणारे मांजर अचानक ‘शांत’ झाले तर ते सुधारणेचे चिन्ह न मानता त्याच्या हिरड्यांचा रंग आणि पोटाचा जोर पाहावा.

मांजराची गुरगुर श्वास घेताना आणि सोडताना सारखीच चालते आणि हाताला कंप जाणवतो, त्यामुळे ती सहज वेगळी करता येते. नाक चोंदल्यामुळे येणारा घोरल्यासारखा आवाज नाकाच्या आणि घशाच्या मागच्या भागातून येतो, त्याबरोबर शिंका किंवा नाकातून स्राव असतो. कंठाशीच अडथळा असेल तर कर्कश आवाज मुख्यतः श्वास आत घेताना होतो. हे तीनही आवाज छातीबाहेरचे आहेत. दम्याची शीळ छातीतली आणि उच्छ्वासाची आहे.

श्वास मोजणे आणि चित्रण करणे

डॉक्टरांच्या टेबलावर मांजर भेदरलेले असते, श्वास वेगाने चाललेला असतो आणि खोकला मात्र हटकून येत नाही. म्हणून घरी केलेल्या दोन नोंदी कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

पहिली नोंद श्वासांची. मांजर गाढ झोपलेले असताना, गुरगुरत किंवा स्वप्नात पाय हलवत नसताना, छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास धरावा. ३० सेकंद मोजून दुप्पट करावे. झोपेतला आकडा साधारणपणे मिनिटाला ३० च्या आत असतो. एखाद्या दिवशी तो ३२ भरला म्हणून घाबरू नये. तो सलग काही दिवस ३० च्या वर राहिला, किंवा त्या मांजराच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ठळकपणे वाढला, तर मात्र भेट ठरवावी. विश्रांतीत तो ४० च्या पुढे गेला आणि श्वासाला जोर लागत असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

दुसरी नोंद फोनवरच्या चित्रणाची. खोकला सुरू होताच मांजराला उचलू नये, थोपटू नये; बाजूने, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सगळे अंग दिसेल असे उभे राहून आवाजासह चित्रण करावे, आणि प्रसंग संपल्यावरही अर्धा मिनिट ते चालू ठेवावे, कारण शेवटचे गिळणे आणि त्यानंतरचा श्वास त्यात यायला हवा. असे एक चित्रण पाहून अनुभवी पशुवैद्य खोकला की ओकारी हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच निकालात काढतात.

तोंड उघडून श्वास घेणे, हिरड्या किंवा जीभ निळसर अथवा राखाडी होणे, आडवे होता न येणे, आणि कोपरे बाहेर काढून प्रत्येक श्वासाला पोट आवळणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी तोंडात काहीही घालू नये, अंघोळ किंवा वाफ देण्याचा प्रयोग करू नये, कारण झुंजणाऱ्या मांजराची ऑक्सिजनची गरज झटकन वाढते आणि ती पुरवण्याची ताकद त्याच्याकडे त्या क्षणी नसते. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला श्वास मोकळा करणारा पंप घरात असेल तर तो सांगितल्याप्रमाणे द्यावा, दवाखान्याला फोन करून कळवावे, आणि शक्य तितक्या कमी हाताळणीने मांजराला पिंजऱ्यात ठेवून निघावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, पाच वर्षांचे, आखूड केसांचे, चार किलो वजनाचे एक मांजर आहे. महिन्यातून दोनदा ‘गोळा अडकतो’, असे घरच्यांना सुरुवातीला वाटते. सात-आठ महिन्यांत हेच आठवड्यातून दोनदा होऊ लागते, विशेषतः पहाटे आणि शौचाच्या भांड्यातले लिटर बदलल्यानंतर. या सगळ्या काळात केसांचा गोळा प्रत्यक्ष एकदाच पडलेला आहे. भूक चांगली आहे, वजन घटलेले नाही, झोपेतले श्वास ३४ ते ३८ आहेत, आणि चित्रणात ताणलेली मान, दहा-बारा कोरडे झटके आणि शेवटी गिळणे स्पष्ट दिसते आहे.

वयही दम्याला साजेसे आहे, कारण तो बहुतेकदा तरुण ते मध्यम वयात लक्षात येतो. पण दमा सिद्ध करणारी एकच एक चाचणी नसते. त्याच्यासारखे दिसणारे आजार एकेक करून वगळावे लागतात, आणि डॉक्टर इतक्या तपासण्या का सांगतात हे कळले की त्या करून घेणे सोपे जाते.

पहिला प्रश्न हृदयाचा. कुत्र्यांत हृदयविकारामुळे खोकला येतो, मांजरांत तो क्वचितच येतो. मांजराचे हृदय कमजोर पडले तर फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साचून श्वास वेगवान होतो, पण खोकल्याची जाणीव देणारी मज्जाटोके मुख्यतः मोठ्या श्वासनलिकांत असल्यामुळे खोकला सहसा होत नाही. म्हणून खोकला हे लक्षण स्वतःच श्वासनलिकेकडे बोट दाखवते. तरीही दम्यावरचे स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी हृदयाची खात्री करावी, कारण लपलेला हृदयविकार असलेल्या मांजराची प्रकृती स्टेरॉइडने बिघडू शकते. छातीचा एक्स-रे, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी यांतून हे उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न कृमींचा. फुप्फुसात राहणारी कृमी आणि डासांमार्फत येणारी हृदयकृमी या दोन्ही मांजरांत दम्याची हुबेहूब नक्कल करतात, त्यांच्यामुळेही श्वासनलिकेत त्याच प्रकारच्या ॲलर्जीच्या पेशी गोळा होतात. फुप्फुसकृमींच्या अळ्या विष्ठेतून जातात, पण रोज जात नाहीत, आणि त्या पकडण्यासाठी विष्ठेची वेगळ्या पद्धतीची तपासणी लागते. त्यामुळे तपासणीत काही आढळले नाही तरी अनेक डॉक्टर फेनबेंडाझोल या कृमिनाशकाचा कोर्स देऊनच पुढे जातात. किलोला ५० मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने आपल्या मांजराला ते रोज २०० मिलिग्रॅम होते, आणि किती दिवस द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

एक्स-रेमध्ये श्वासनलिकेच्या जाड झालेल्या भिंती समोरून पाहिल्यास बारीक कड्यांसारख्या आणि बाजूने पाहिल्यास समांतर रेघांसारख्या दिसतात. फुप्फुसात हवा अडकून राहिलेली असेल तर ती फुगलेली दिसतात आणि श्वासपटल सपाट झालेले असते. आपल्या उदाहरणातल्या मांजरात कडी आणि रेघा दोन्ही आहेत. मात्र दम्याच्या काही मांजरांचा एक्स-रे पूर्णपणे सामान्य येतो, म्हणून स्वच्छ एक्स-रे हाती पडला तरी चित्रणातला खोकला रद्द होत नाही.

भूल देऊन श्वासनलिकेत थोडे निर्जंतुक द्रव सोडून परत ओढले तर त्यातल्या पेशी मोजता येतात. इओसिनोफिल नावाच्या ॲलर्जीच्या पेशी जास्त आढळल्या तर दम्याकडे, न्यूट्रोफिल जास्त असतील आणि जंतू नसतील तर श्वासनलिकेच्या जुनाट दाहाकडे, म्हणजे ब्राँकायटिसकडे कल जातो. ब्राँकायटिस हा साधारणपणे थोड्या मोठ्या वयात दिसतो, त्यात नळ्यांची झालेली हानी कायमची असते, आणि दम्यात होते तसे नळ्यांचे अचानक आवळणे त्यात होत नाही. दोहोंचा पायाभूत उपचार एकच असल्यामुळे, आणि श्वासाचा त्रास असलेल्या मांजराला भूल देण्यात जोखीम असल्यामुळे, ही तपासणी प्रत्येकच मांजरात केली जात नाही. उपचाराला प्रतिसाद मिळाला नाही तर मात्र ती टाळू नये, असे माझे मत आहे.

उपचार: दाह आधी, नळी मोकळी करणे नंतर

या मांजराला डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करतात. इथे औषधाचे नाव नीट वाचावे, कारण प्रेडनिसोन हे मिळतेजुळते औषध मांजराच्या शरीरात नीट रूपांतरित होत नाही. सुरुवातीची मात्रा साधारणपणे किलोला रोज १ ते २ मिलिग्रॅम असते. चार किलोच्या मांजराला ५ मिलिग्रॅमची एक गोळी त्या मर्यादेत बसते. आठवड्याभरात खोकला निम्म्यावर येतो आणि दोन आठवड्यांत थांबतो. नेमकी इथेच सर्वांत मोठी चूक होते: मांजर बरे झाले असे समजून गोळी बंद केली जाते. लक्षणे गेली तरी श्वासनलिकेतला दाह शिल्लक असू शकतो, हे तपासणीत दिसून आलेले आहे. शिवाय काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर ते एकदम तोडणे शरीरालाही मानवत नाही. मात्रा टप्प्याटप्प्याने, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने खाली आणावी लागते.

तोंडावाटे दिलेले स्टेरॉइड वर्षानुवर्षे चालले तर वजन वाढणे आणि मधुमेह होणे हे धोके असतात, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनात तर एकदा दिलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून कायमच्या उपचारासाठी श्वासावाटे दिले जाणारे फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड अधिक चांगले. पंप माणसांचाच असतो, पण मांजर सांगितल्यावर खोल श्वास घेत नाही, त्यामुळे पंप आणि मास्क यांच्यामध्ये एक पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, लागते. पंप हलवून घ्यावा, नळीत एकदा दाबावा, आणि मगच मास्क नाक-तोंडावर अलगद टेकवावा. दाबताना होणारा फुसकारा चेहऱ्याजवळ झाला तर मांजर पुढच्या वेळी मास्क पाहूनच पळते. मास्क लावल्यावर ७ ते १० श्वास मोजावेत. काही स्पेसरवर श्वासागणिक हलणारी पट्टी असते, ती पाहून मोजणे सोपे जाते. ही सवय लावायला घाई करू नये: पहिले काही दिवस मास्क नुसता जवळ ठेवून खाऊ द्यावा, मग तो क्षणभर टेकवावा, मग रिकाम्या नळीसह काही श्वास, आणि त्यानंतर औषध. फ्लुटिकासोनचा पूर्ण परिणाम व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून तोवर गोळी चालूच राहते आणि नंतर तिची मात्रा उतरवली जाते.

साल्ब्युटामोलचा पंप वेगळा. तो आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो, त्यामुळे झटका आला तर तो उपयोगी; पण दाहावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि तो रोज नियमाने दिला तर श्वासनलिकेचा दाह उलट वाढू शकतो. दोन्ही पंप सारखे दिसत असल्यामुळे त्यांवर ‘रोजचा’ आणि ‘झटक्याचा’ अशा ठळक चिठ्ठ्या चिकटवाव्यात. रात्री दोन वाजता धापणाऱ्या मांजराला चुकून फ्लुटिकासोन दिले तर त्या रात्री त्याचा काहीच उपयोग होणार नाही.

घरातले बदल औषधाची जागा घेत नाहीत, मात्र औषधाची गरज कमी करू शकतात. आपल्या मांजराच्या नोंदीत लिटर बदलल्यावर खोकला वाढत होता, म्हणून पहिला बदल तोच: धूळ न उडणारे लिटर, झाकण नसलेल्या भांड्यात, आणि ते ओतताना मांजर दुसऱ्या खोलीत. त्याबरोबर घरात धूम्रपान बंद, आणि सुगंधी फवारे बंद. एका वेळी एकच बदल करून दोन-तीन आठवडे खोकल्याची नोंद ठेवली तर कशाने फरक पडला ते कळते. सगळे एकदम बदलले तर कळत नाही.

तिसऱ्या महिन्यात या मांजराची गोळी बंद होते आणि फ्लुटिकासोन सकाळ-संध्याकाळ एकेक दाब एवढे राहते. झोपेतले श्वास २२ ते २६ वर स्थिरावतात. पाचव्या महिन्यात डॉक्टर पंप दिवसातून एकदाच देऊन पाहायला सांगतात. दहा दिवसांनी पहाटेचा खोकला परत येतो आणि श्वास ३२ वर जातात, म्हणून मात्रा पुन्हा दोन वेळा केली जाते. या मांजराला किमान किती औषध लागते याचे उत्तर अशा प्रकारे मिळते, आणि मध्यंतरी एकदा मागे सरकत, पोटाची लाट देत त्याने केसांचा गोळा काढला तेव्हा तो दम्याच्या वहीत धरला जात नाही.